प्राटमधली निळी रेघ: तुटते, घसरते, उडते, त्यातलं खरं काय?

प्रश्न: मी एम.ए. भाषाशास्त्राच्या प्रकल्पासाठी एका बाईंच्या आवाजात ‘मीना उद्या साताऱ्याला जाणार’ हे वाक्य दोनदा रेकॉर्ड केलं, एकदा विधान म्हणून आणि एकदा प्रश्न म्हणून. प्राट हे ध्वनी मोजण्याचं सॉफ्टवेअर वापरतेय, आवृत्ती ६.१; पिचची, म्हणजे निळ्या रेघेने दिसणाऱ्या आवाजाच्या उंचीची, मर्यादा मूळचीच ७५ ते ५०० हर्ट्झ. विधानात रेघ ‘साताऱ्याला’मध्ये दोन ठिकाणी तुटते, ‘स’च्या मधोमध ४८० च्या आसपास दोन-तीन ठिपके दिसतात, आणि ‘जाणार’च्या शेवटी रेघ १७८ वरून एकदम ८९ वर पडते. प्रश्नात मात्र शेवटी ३३० पर्यंत चढते. यातलं काय खरं धरायचं आणि आलेख वाचायचा कसा?

उत्तर:

आधी शेवटच्या घसरणीबद्दल, कारण तिच्यावरच सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष निघतात. १७८ ची बरोबर निम्मी संख्या ८९. म्हणजे रेघ एक पूर्ण सप्तक खाली गेली, आणि तीही दोन लागोपाठच्या ठिपक्यांमध्ये, म्हणजे १० मिलिसेकंदांत. बोलणाऱ्या माणसाला आवाज एक सप्तक खाली आणायला दीडशे मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे ही सुरावटीतली उतरण नाही, एवढं आकडे पाहूनच सांगता येतं. पण ‘मग ही सॉफ्टवेअरची चूक’ असं म्हणून ती खोडून टाकणंही बरोबर नाही. तिथे आवाजात बहुधा खरोखर काहीतरी घडलेलं असतं.

हे समजायला प्राट आवाजाची उंची कशी काढतं ते थोडं बघू. ते ध्वनीचा एक छोटा तुकडा घेतं आणि तो स्वतःवरच थोडा थोडा सरकवून पाहतं की किती सरकवल्यावर तो पुन्हा स्वतःशी जुळतो. हेच स्वसहसंबंध, म्हणजे ऑटोकोरिलेशन. स्वरतंतू दर ५.६ मिलिसेकंदांनी एकदा मिटत असतील तर तुकडा ५.६ वर जुळतो, आणि १ भागिले ०.००५६ म्हणजे सुमारे १७८ हर्ट्झ. पण जो तुकडा ५.६ वर जुळतो तो ११.२ वरही जुळणारच. दोन्ही उत्तरं तितकीच चांगली दिसतात, म्हणून प्राट वरच्या वारंवारतेला किंचित झुकतं माप देतं. त्या सेटिंगचं नाव `Octave cost`, मूळ किंमत ०.०१. आवाज नियमित असेल तोवर एवढं झुकतं माप पुरतं.

वाक्याच्या शेवटी फुफ्फुसांतला दाब कमी होतो, तंतू सैल पडतात, आणि एक कंप मोठा, पुढचा लहान, पुन्हा मोठा, असं होऊ लागतं. आता शेजारचे दोन कंप एकमेकांसारखे राहत नाहीत, एक सोडून एक मात्र सारखे असतात. अशा वेळी ११.२ वरची जुळणी ५.६ पेक्षा सरस ठरते आणि रेघ निम्म्यावर येते. प्राटने खोटं सांगितलेलं नसतं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं, इतकंच.

म्हणून तपासा. `View & Edit` मध्ये ‘णार’च्या शेवटचे साधारण ५० मिलिसेकंद पडदाभर मोठे करा आणि वरची तरंगरेषा पाहा. तीन गोष्टींपैकी एक दिसेल.

पहिली शक्यता: दर ५.६ मिलिसेकंदांनी जवळपास सारख्याच उंचीचं शिखर येतं. मग ८९ ही खरोखरच चूक, १७८ धरा. दुसरी: मोठं-लहान-मोठं-लहान अशी जोडी दिसते. तिथे दोन्ही आकड्यांना भौतिक आधार आहे. पण वक्त्याने सुरावट म्हणून काय ‘केलं’ हे विचारायचं असेल तर १७८ च्या बाजूची, आधीच्या रेषेशी सलग जाणारी किंमत घ्यावी. तिसरी: शिखरं दूरदूर आणि अनियमित अंतरांवर, कधी ९, कधी १३, कधी १६ मिलिसेकंद. हा क्रीकी आवाज. दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरणारा. इथे ‘उंची’ हा शब्दच नीट लागू पडत नाही. तेवढा भाग रिकामा ठेवा, शेवटची स्थिर किंमत नोंदवा आणि टेक्स्टग्रिडच्या, म्हणजे ध्वनीखाली जोडलेल्या नोंदींच्या, वेगळ्या पट्टीवर ‘क्रीकी’ असं लिहून ठेवा. ती नोंद फेकू नका. विधान संपल्याची ती स्वतंत्र खूण असू शकते, आणि प्रश्नात ती नसणं हाही तुमच्या तुलनेचा भाग आहे.

तरंगरेषेवरून ठरत नसेल तर अरुंदपट्टी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे ध्वनीतल्या वारंवारतांचं चित्र, काढा. `Spectrogram settings` मध्ये `Window length` ०.००५ ऐवजी ०.०५ करा आणि पाहण्याची मर्यादा ० ते १००० हर्ट्झ ठेवा. आता हार्मोनिक, म्हणजे मूळ कंपाच्या पटीतल्या वारंवारता, आडव्या रेघांसारखे वेगवेगळे दिसतील. रेघांमधलं अंतर म्हणजेच मूलभूत वारंवारता. सगळ्यात खालची रेघ बऱ्याचदा फिकी असते, म्हणून पाचवी रेघ शोधा आणि तिच्या वारंवारतेला ५ ने भागा. हाताने मोजण्यातली चूकही त्यामुळे पाचपटीने कमी होते. ८९ वर उडी पडते तिथे जुन्या रेघांच्या बरोबर मध्ये नव्या रेघा उगवलेल्या दिसल्या तर ती मोठं-लहानची जोडी. रेघा पूर्वीसारख्याच राहिल्या तर नुसती मोजणीची चूक. आणि रेघा विस्कटून उभे पट्टे दिसायला लागले तर क्रीकी.

आता मर्यादांचं. ७५ ते ५०० ही कुणासाठीच नीट बसणारी मर्यादा नाही. ती सगळ्यांना कशीबशी सामावून घेते. खालची मर्यादा नुसती चाळणी नसते, तुकड्याची लांबीही तीच ठरवते. मूळ ऑटोकोरिलेशन पद्धतीत तुकडा खालच्या मर्यादेच्या तीन कंपांइतका असतो: ७५ ला ३ ÷ ७५, म्हणजे ४० मिलिसेकंद. ज्या बाईंचा आवाज १७० च्या खाली क्वचितच जातो त्यांच्यासाठी एवढा लांब तुकडा घेतला की ‘द्या’सारख्या ठिकाणचे बारीक चढउतार पुसट होतात.

ध्वनिशास्त्रज्ञ डॅनिएल हर्स्ट यांनी रूढ केलेली दोन फेऱ्यांची रीत इथे उपयोगी पडते. पहिल्या फेरीत मर्यादा सैल ठेवायची, मिळालेल्या किमतींचा पहिला आणि तिसरा चतुर्थक काढायचा, आणि दुसऱ्या फेरीत खालची मर्यादा पहिल्याच्या ०.७५ पट, वरची तिसऱ्याच्या १.५ पट ठेवायची. चतुर्थकांवर एखाद-दुसऱ्या उडीचा परिणाम होत नाही, म्हणून ते कमाल-किमानपेक्षा भरवशाचे.

```
selectObject: "Sound meena"
To Pitch: 0, 60, 700
q1 = Get quantile: 0, 0, 0.25, "Hertz"
q3 = Get quantile: 0, 0, 0.75, "Hertz"
lo = 0.75 * q1
hi = 1.5 * q3
selectObject: "Sound meena"
To Pitch: 0, lo, hi
writeInfoLine: lo, " ", hi
```

हे एका वाक्यावर चालवू नका. त्याच बाईंची त्याच बैठकीतली सगळी वाक्यं जोडून, निदान मिनिटभराच्या बोलण्यावर चालवा आणि मिळालेली मर्यादा विधान-प्रश्न दोन्हींना एकसारखी लावा. समजा चतुर्थक १८८ आणि २४० आले, तर मर्यादा १४१ ते ३६० होईल. तुकडा २१ मिलिसेकंदांवर येईल, आणि ४८० चे ठिपके आपोआप नाहीसे होतील. प्रश्नातला ३३० अजून आत बसतो, पण फार अंतर ठेवून नाही. वक्ता उत्साहाने बोलत असेल तर वरचा गुणक १.५ ऐवजी २.५ घेतात. रेघ ३६० ला टेकून कापल्यासारखी दिसली तर तसं करा.

यात एक धोका आहे. खालची मर्यादा १४१ केली की ८९ दिसूच शकत नाही. रेघ एकतर तिथे तुटेल किंवा १७८ वर गुळगुळीत पुढे जाईल, आणि शेवट कुरकुरीत होता हे तुम्हाला कळणारही नाही. म्हणून मर्यादा बदलण्याआधी शेवटच्या अक्षराची वर सांगितलेली तपासणी करून घ्या. उलट क्रम केलात तर आलेख देखणा येतो आणि माहिती हरवते.

तुमच्या हाती पुढे प्राट ६.४ किंवा नंतरची आवृत्ती आली तर हे आकडे जसेच्या तसे लावू नका. २०२३ पासून सुरावटीसाठी मूळ निवड `filtered autocorrelation` ही आहे, आणि तिथे मर्यादा ५० ते ८०० असते. ८०० हे तिथे छत नाही. ध्वनीतल्या वरच्या वारंवारता हळूहळू दाबणाऱ्या गाळणीचं ते टोक आहे, त्यामुळे तिथे ३६० घातलंत तर ३३० च्या आसपासचा खरा आवाजच कमजोर होईल. दोन फेऱ्यांची रीत `raw autocorrelation` साठी आहे. नवी पद्धत ‘स’सारख्या घर्षणात कमी फसते, पण खालची मर्यादा ५० असल्याने घरात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची गुणगुण पकडू शकते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. शांत जागी ५० किंवा १०० वर पट्टीने आखल्यासारखी सपाट रेघ दिसली तर ती माणसाची नव्हे. आणि अर्धा प्रकल्प जुन्या पद्धतीने, अर्धा नव्या पद्धतीने मोजला, असं मात्र होऊ देऊ नका.

आता ‘साताऱ्याला’. स आणि त अघोष आहेत. स्वरतंतू तिथे कंपत नाहीत, म्हणजे मोजायला काही नसतंच. रेघ तुटणं बरोबर आहे. न तुटती तर काळजी करायला हवी होती. ४८० चे ठिपके मात्र खोटे. घर्षणाच्या गोंगाटात योगायोगाने जुळणी सापडते, आणि ती बहुधा मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ सापडते.

खरी अडचण तुटलेल्या जागेत नसून तिच्या लगेच नंतर असते. अघोष व्यंजनानंतरचा स्वर थोडा उंचावरून सुरू होतो आणि पहिल्या ३० ते ५० मिलिसेकंदांत खाली येतो. सघोष स्पर्शाभोवती उलट खळगा पडतो. तुमच्या वाक्यात ‘उद्या’चा द्य आणि ‘जाणार’चा ज या त्या जागा. घ, ध, भ यांसारख्या सघोष महाप्राणांनंतर खळगा आणखी खोल असतो, म्हणून मराठी वाक्यं निवडताना हे ध्यानात ठेवायलाच हवं. ‘सा’च्या आरंभी दिसणारी २५० ची टोच जर तुम्ही ‘साताऱ्यावर जोर’ म्हणून नोंदवली असेल तर ती खोडा. ती सकाराची देणगी आहे. त्याशिवाय ई-ऊ हे स्वर आ पेक्षा जात्याच काहीसे उंच निघतात. ‘मी’ आणि ‘ना’ यांच्यातला चारपाच हर्ट्झचा फरक सुरावटीच्या खात्यात टाकू नये.

‘मी’त आणखी एक गंमत होते. ‘ई’चा पहिला फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमून जोर धरणारा पट्टा, साडेतीनशे-चारशेच्या घरात असतो, आणि बाईंचा आवाज १९०-२०० असेल तर दुसरा हार्मोनिक नेमका तिथेच येऊन फुगतो. मग प्राट कधीकधी त्यालाच मूळ कंप समजून रेघ दुप्पट उंचीवर नेतं. या दुपटीमागे निमपटीसारखं आवाजातलं काही खरं नसतं, ती निव्वळ चूक. वरची मर्यादा ३६० केली की बहुतेक वेळा सुटते.

आता दुरुस्ती. ध्वनीवरून काढलेला `Pitch` निवडा, त्याची आधी `Copy...` करून मूळ प्रत बाजूला ठेवा, आणि `View & Edit` दाबा. इथली खिडकी वेगळी असते. प्रत्येक क्षणी प्राटने विचारात घेतलेल्या सगळ्या किमती ० ते ९ अशा अंकांनी मांडलेल्या दिसतात, अंक मोठा तितकी जुळणी चांगली, आणि निवडलेल्या अंकांवर लाल ठिपके असतात. ‘णार’च्या शेवटी ८९ वर ९ आणि १७८ वर ८ दिसला, म्हणजे लढत अटीतटीची होती. १७८ च्या अंकावर क्लिक केलं की वाट तिकडे वळते. क्रीकी भाग निवडून `Unvoice` करा. `Kill octave jumps` ही आज्ञा सप्तकाच्या उड्या आपोआप काढते, पण ती वापरू नये असं माझं मत आहे. उडीच्या कुठल्या बाजूला चूक आहे हे तिला कळत नाही, आणि कधीकधी ती चुकीची बाजूच बरोबर मानून बाकीचं वाक्य उचलते. `Smooth` सुद्धा दुरुस्तीनंतरच. आधी केलंत तर ८९ ची उडी एका सुंदर, विश्वासार्ह दिसणाऱ्या उतरणीत बदलते, आणि मग ती कुणालाच पकडता येत नाही.

दुरुस्ती झाल्यावर `Hum` वाजवा. नुसती सुरावट गुणगुणल्यासारखी ऐकू येईल. डोळ्यांना न दिसलेली उडी कानाला लगेच टोचते.

आता वाचन. पडद्यावरच्या रेषेचा आकार नुसता पाहू नका, टेक्स्टग्रिडवर स्वरांच्या सीमा आखा आणि दुरुस्त केलेल्या `Pitch` च्या खिडकीत प्रत्येक स्वराच्या मध्याच्या वेळेवर कर्सर ठेवून F5 दाबा. कर्सरऐवजी पट्टा निवडलेला असेल तर F5 त्या पट्ट्याची सरासरी देतं, आणि त्यात एखादा ८९ शिरला तर सरासरीवरून ते कळत नाही. शब्दाचं शेवटचं अक्षर मात्र मध्यावर न मोजता त्यातलं शिखर मोजा, कारण दक्षिण आशियातल्या बऱ्याच भाषांत शब्दगट खालून सुरू होऊन शेवटाकडे चढतो, आणि मराठीतही हा नमुना वारंवार दिसतो.

हर्ट्झमधले फरक सेमिटोनमध्ये, म्हणजे सप्तकाच्या बाराव्या हिश्श्यांत, बदला, कारण कानाला गुणोत्तर कळतं, वजाबाकी नाही:

```
12 * log2(f2 / f1)
```

तुमच्या विधानात ‘मीना’ २०५ वरून २३२ वर जात असेल तर तो चढ २.१ सेमिटोनचा. तिथून शेवटच्या स्थिर १७८ पर्यंतची उतरण ४.६. प्रश्नात ‘जाणार’ १९५ पासून ३३० पर्यंत चढत असेल तर तो चढ ९.१. एखादा पुरुष १०० वरून १६९ वर गेला तर त्याचाही चढ तेवढाच भरतो, जरी हर्ट्झमध्ये एकीकडे १३५ आणि दुसरीकडे ६९ दिसत असले तरी. आणि ८९ ला खरं मानलं असतं तर विधानाची उतरण ४.६ ऐवजी १६.६ झाली असती. एका ठिपक्याने निष्कर्ष उलटापालटा.

मग दोन्ही आलेख एकाच मापावर, एकाखाली एक ठेवा. विधानात प्रत्येक शब्दाचं शिखर आधीच्यापेक्षा थोडं खाली आहे का ते बघा. एखाद्या शब्दाचा चढ एकदम मोठा आणि त्यानंतरचा सगळा भाग दबलेला असेल, तर वक्त्याने त्या शब्दावर जोर दिला. नुसतं उंच शिखर पुरेसं नाही, मागचं दबणं हा जास्त भरवशाचा पुरावा. प्रश्नात फरक फक्त ‘जाणार’मध्ये आहे की ‘मीना’पासूनच रेघ वरच्या पट्टीत चालते, हे वेगळं नोंदवा. आणि तुमचा प्रश्न ‘का’ शिवायचा आहे. ‘जाणार का?’ म्हटलं असतं तर प्रश्नाची खूण शब्दानेच दिली असती, त्यामुळे या मोजमापावरून ‘मराठी प्रश्नात आवाज इतका चढतो’ असं सरसकट लिहिता येणार नाही.

एखादा उंचवटा सुरावटीचा की व्यंजनाचा, याबद्दल अजूनही शंका उरली तर `To Manipulation...` करा, त्या खिडकीत `Stylize pitch (2 st)` लावा, ‘सा’वरची टोच हाताने सपाट करा आणि ऐका. फरक ऐकू आला नाही तर ती टोच वाचनातून वगळा.

पुन्हा रेकॉर्डिंग करण्याची मुभा असेल तर वाक्यच बदला: ‘मीरा मामीला लोणावळ्याला नेणार’. यात एकही अघोष व्यंजन नाही, अनुनासिकं सोडली तर एकही स्पर्श नाही. सगळे म, न, र, ल, ळ, व, ण, य आणि स्वर. रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग येईल आणि तुटण्याचे, टोचांचे प्रश्न उरणार नाहीत. शेवटचा ‘णार’ मात्र तेव्हाही मोठा करून पाहावाच लागेल.